तीन टक्क्यांचा राग

माझा भाचा आणि त्याचा रूममेट दोघेही १ डिसेंबर २०२३ ला, एकाच शुक्रवारी, फरीदाबादमध्ये कामाला लागले. भाचा मथुरा रोडवरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात, खरेदी विभागात. रूममेट बल्लभगढकडच्या दुसऱ्या एका कारखान्यात, क्वालिटीमध्ये. एक जळगावचा, एक लातूरचा. पगार दोघांचाही महिना पन्नास हजार. रविवारी दोघे आमच्याकडे जेवायला येतात, कारण या गावात ज्वारीची भाकरी मिळण्याचं दुसरं ठिकाण त्यांना अजून सापडलेलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये दोघांच्या कंपन्यांत पगारवाढीची पत्रं निघाली. दोन्हीकडे सरसकट नऊ टक्के वाढ होती. भाच्याच्या पत्रात मात्र तीन टक्के लिहिले होते, आणि खाली एक ओळ: आपल्या सेवेच्या कालावधीनुसार प्रो-राटा. रूममेटला पत्रच आलं नाही. त्याच्या एचआरच्या बाईंनी तोंडी सांगितलं, "आप तो कट-ऑफ के बाद आए हो ना, अगले साल पूरा मिलेगा." त्यांच्याकडे ३० सप्टेंबरनंतर रुजू झालेल्याला त्या एप्रिलमध्ये वाढ नाही.

भाचा भडकला होता. "मामा, नऊ म्हणजे नऊ. मी काय तीन टक्के काम केलं का?" रूममेट निवांत होता. त्याला पुढच्या वर्षी 'पूर्ण' मिळणार होतं. एप्रिल २०२५ मध्ये दोघांनाही नऊ टक्के मिळाले तेव्हा रूममेट मिठाईचा डबा घेऊन आला, आणि भाच्याच्या मनातला तो तीन टक्क्यांचा काटा तसाच राहिला.

मी वीस वर्षं पगारपत्रकं करतोय. आधी नोकरीत केली, आता तीन-चार लहान कारखान्यांची बाहेरून करतो. त्या रविवारी मी दोघांचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा जे दिसलं ते दोघांनाही पटायला वेळ लागला. ज्याला राग आला होता त्याचं काहीही गेलं नव्हतं. जो मिठाई घेऊन आला होता त्याचे चार महिने कायमचे गेले होते.

हिशेब करायला एक तिसरा माणूस लागतो. समजा एका कंपनीत कट-ऑफ वगैरे काही नाही, ज्याची त्याची वाढ ज्याच्या त्याच्या महिन्यात. तिथे १ डिसेंबर २०२३ ला पन्नास हजारावर लागलेल्या माणसाला बरोबर वर्षाने, १ डिसेंबर २०२४ ला, नऊ टक्के मिळतील आणि पगार ५४,५०० होईल. बारा महिने काम, एक वाढ. यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. या माणसाला आपण काटा समजू आणि बाकीच्या दोघांना त्याच्याशी तोलू.

भाच्याचे डिसेंबर ते मार्च असे चार महिने भरले. बारापैकी चार म्हणून नवातले तीन टक्के. १ एप्रिल २०२४ पासून त्याचा पगार ५१,५०० झाला. तिसऱ्या माणसाला तेव्हा पन्नास हजारच आहेत. म्हणजे एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिने भाचा दरमहा दीड हजाराने पुढे, एकूण बारा हजार. मग डिसेंबर उजाडतो, तिसरा माणूस ५४,५०० वर जातो आणि भाचा पुढचे चार महिने दरमहा तीन हजाराने मागे राहतो. चार त्रिक बारा. बारा हजार मिळाले, बारा हजार गेले. पारडं जिथल्या तिथे.

हा काही आकड्यांचा योगायोग नाही. पुढच्या वर्षीही तेच होतं. एप्रिल २०२५ ला भाचा ५१,५०० वर नऊ टक्के घेऊन ५६,१३५ वर गेला. आठ महिने १,६३५ ने पुढे, चार महिने ३,२७० ने मागे, दोन्हीकडे १३,०८० रुपये. तुम्ही फेब्रुवारीत लागा नाहीतर ऑगस्टमध्ये, वाढीचा दर काहीही असो, महिन्यांच्या प्रमाणात दिलेली पहिली वाढ आणि त्यानंतर दर एप्रिलला पूर्ण वाढ हा व्यवहार स्वतःच्या महिन्यात वाढ घेण्याइतकाच पडतो. थोडा लवकर, थोडा तुकड्याने, पण तेवढाच. प्रो-राटा म्हणजे कापणी नव्हे. सगळ्यांच्या वाढीची तारीख एक करायची ठरली की प्रत्येकाचा सुटा भाग कुठेतरी एकदा चुकता करावा लागतो. तो चुकता करण्याची ही रीत आहे.

आता रूममेट. एप्रिल २०२४ ला शून्य. एप्रिल २०२५ ला नऊ टक्के, पगार ५४,५००. त्याला पहिल्या वाढीसाठी सोळा महिने थांबावं लागलं आणि वाढ मिळाली ती बारा महिन्यांची. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या चार महिन्यांत तो तिसऱ्या माणसापेक्षा दरमहा साडेचार हजाराने मागे, एकूण अठरा हजार. तेवढ्यावर भागलं असतं तर सोडून देता आलं असतं. पण पुढच्या डिसेंबरात तिसरा माणूस ५९,४०५ वर जाणार आणि हा मार्चपर्यंत ५४,५०० वरच राहणार. पुन्हा चार महिने, आता १९,६२० रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडे जास्त. तो त्या कंपनीत असेपर्यंत दर वर्षी त्याचे हे चार महिने मागे राहतील, आणि ती सोडून गेला तर नव्या ठिकाणी पगार ठरवताना जुन्या पगाराची स्लिप मागतातच.

'पूर्ण' या शब्दाने त्याला फसवलं. पूर्ण वर्षाची पूर्ण वाढ त्याला मिळाली हे खरं. पण त्याच्या खात्यावर सवा वर्षापेक्षा जास्त काळ जमा होता.

असं का होतं ते पत्रकाच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. मी स्वतः अशी पत्रकं बनवली आहेत म्हणून सांगतो. एका स्तंभात रुजू झाल्याची तारीख असते, दुसऱ्यात वाढीचा दर, आणि तिसऱ्यात हे:

```
=C2*MIN(12,DATEDIF(B2,DATE(2025,4,1),"m"))/12
```

म्हणजे रुजू तारखेपासून १ एप्रिल २०२५ पर्यंत किती महिने झाले ते मोज, बारापेक्षा जास्त असतील तर बाराच धर, आणि त्या प्रमाणात वाढ दे. MIN घालणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दहा वर्षं जुन्या माणसाचे महिने एकशेवीस निघतात, त्याला दहापट वाढ जाऊ नये म्हणून तो घातलेला असतो. पण त्याच MIN मध्ये रूममेटचे सोळा महिने शिरतात आणि बारा होऊन बाहेर येतात. गेल्या वर्षी कट-ऑफने ज्यांना बाहेर ठेवलं त्यांची यादी या सूत्राला माहीत नसते. ते फक्त या वर्षाकडे पाहतं. कट-ऑफ ठरवणारा एक माणूस, सूत्र लिहिणारा दुसरा, आणि चार महिने या दोघांच्या मधल्या फटीत पडलेले. त्यात कुणाचा लबाडीचा हेतू असतोच असं नाही, पण पैसे मात्र नेहमी एकाच बाजूला राहतात.

जाता जाता याच सूत्रातली दुसरी खोच सांगून टाकतो. पुष्कळ जण शेवटची तारीख १ एप्रिलऐवजी ३१ मार्च घालतात, कारण वर्ष ३१ मार्चला संपतं. DATEDIF पुरे भरलेले महिनेच मोजतं. १ डिसेंबर ते ३१ मार्च त्याच्या लेखी तीनच महिने, चौथा एका दिवसाने अपुरा. मग तीन टक्क्यांऐवजी सव्वादोन टक्के पडतात आणि पगार ५१,५०० ऐवजी ५१,१२५ होतो. म्हणून भाच्याच्या पत्रावरचा आकडा मी पहिल्यांदा बोटांवर मोजून पाहिला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चार भरले, तीन टक्के बरोबर आले. पत्र हातात आल्यावर एवढं मोजायला हरकत नाही. मिळालेला दर भागिले सगळ्यांचा दर, गुणिले बारा. उत्तर तुमच्या महिन्यांशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर बहुतेक वेळा गोंधळ दोनपैकी एक असतो. एक तर ही एका दिवसाची गफलत, नाहीतर महिने रुजू तारखेऐवजी कायम झाल्याच्या तारखेपासून मोजलेले. सहा महिन्यांचं प्रोबेशन असलेल्या जागी ही दुसरी चूक सर्रास सापडते, आणि ही चूक आहे की धोरण, असं एचआरला लेखी विचारलं की बहुधा दुरुस्त होते.

आता भाच्याच्या बाजूने जे सगळ्यात जोरकस बोलता येईल ते बोलून पाहू, कारण त्याने ते बोलूनच दाखवलं. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा एप्रिल २०२३ ला पन्नास हजारावरच लागला होता. एप्रिल २०२४ ला तो ५४,५०० वर गेला. काम दोघांचं एकच, त्याच सप्लायरना तेच फोन. "मग मला तीन हजार कमी का?"

याचं उत्तर असं की एप्रिल २०२३ चे पन्नास हजार आणि डिसेंबर २०२३ चे पन्नास हजार एकच नव्हेत. शेजारच्याने आपला भाव एप्रिलच्या बाजारात ठरवला आणि वर्षभर तो तसाच ठेवला. भाच्याने आठ महिन्यांनी, डिसेंबरच्या बाजारात, डिसेंबरची महागाई धरून ठरवला. वाढीत जो भाग महागाईचा आणि बाजारभावाचा असतो, त्यातला आठ महिन्यांचा हिस्सा त्याला रुजू होतानाच पगारात मिळाला होता. त्याला एप्रिलमध्ये पूर्ण नऊ टक्के देणं म्हणजे तेच आठ महिने दुसऱ्यांदा मोजणं. शेजारचा तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त रास्त कारणाने भांडला असता.

पण हे उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. काही कारखान्यांत डिप्लोमावाल्यांचा किंवा नव्या इंजिनियरांचा सुरुवातीचा पगार ठरलेला असतो. वर्षभरात कधीही या, पन्नास हजार. एप्रिल २०२४ ला कंपनीने तो सुरुवातीचा आकडाच साडेबावन्न हजार केला असता तर? डिसेंबरात आलेला तीन टक्के घेऊन ५१,५०० वर, आणि एप्रिलमध्ये आलेला, ज्याला कामाची फाइल कुठे ठेवतात हेही भाच्याने शिकवायचं, तो साडेबावन्न हजारावर. इथे प्रो-राटाचं गणित बरोबर असूनही निकाल चुकतो. मी ज्यांची पत्रकं करतो त्यांना म्हणून एक गोष्ट घालायला लावतो. तुकड्याची वाढ लावल्यावर कुणाचाही पगार त्या जागेच्या नव्या सुरुवातीच्या पगाराखाली राहिला तर त्याला निदान तिथपर्यंत आणायचं. खर्च फारसा येत नाही, पाच-सहा नावं असतात. न केलं तर मात्र ती पाच-सहा नावं दिवाळीपर्यंत सोडून जातात.

आमच्या वरच्या मजल्यावर केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, नागपूरहून बदली होऊन आले ते इथेच राहिले. आमचा हा कागदी खटला चालू असताना ते चहाला खाली आले होते. ऐकून म्हणाले, "तुमच्या पोराचे चार महिने गेले त्याचं काय सांगता, आमचे पाच गेले होते. सहा वर्षांनी परत मिळाले."

ती गोष्ट इथे नीट सांगण्यासारखी आहे, कारण हरवलेले महिने हरवले आहेत असं लेखी मान्य झाल्याचं ते उदाहरण आहे. २००६ पूर्वी केंद्र सरकारात वाढ ज्याची त्याची असे. ज्या महिन्यात लागलात त्या महिन्याच्या एक तारखेला. हजारो लोक, बारा महिने, प्रत्येक महिन्याला वेगळी यादी. सहाव्या वेतन आयोगाने हे मोडून सगळ्यांसाठी १ जुलै ही एकच तारीख ठेवली आणि अट घातली की १ जुलैला नव्या वेतनरचनेत निदान सहा महिने भरलेले हवेत. तुकड्याची वाढ सरकारने कधीच मानली नाही. मिळाली तर अख्खी, नाहीतर पुढच्या जुलैला.

नवी रचना लागू झाली १ जानेवारी २००६ पासून. आमच्या वरच्या काकांची वाढ फेब्रुवारीतली. शेवटची त्यांना १ फेब्रुवारी २००५ ला मिळाली होती. जुन्या रीतीने पुढची १ फेब्रुवारी २००६ ला मिळायची, ती नव्या रीतीने गेली १ जुलै २००६ वर. बाराऐवजी सतरा महिने. मार्चवाल्यांना सोळा, जूनवाल्यांना तेरा. वाढ मात्र सगळ्यांना एकच. आमच्या रूममेटचंच चित्र, फक्त तारखा वेगळ्या. उलट ज्यांची वाढ नोव्हेंबर-डिसेंबरात व्हायची त्यांना ती काही महिने आधीच मिळाली. मार्च २०१२ मध्ये अर्थ मंत्रालयाने आदेश काढला. २००६ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये ज्यांची वाढ येणार होती त्यांना एकवेळची सवलत म्हणून १ जानेवारी २००६ ला जुन्या श्रेणीत एक वाढ द्यावी आणि पुढची नव्या रचनेत १ जुलैला. काकांची वेतननिश्चिती पुन्हा झाली, थकबाकी आली. त्यांच्याजवळ त्या वेळची नोंद अजून आहे, सेवापुस्तकाच्या पानाची झेरॉक्स, तांबड्या शाईत एक ओळ खोडून वर दुसरी लिहिलेली.

पण त्या एका तारखेचा दुसरा दोष राहिलाच. १ जानेवारीला लागलेल्याचे जुलैपर्यंत सहा महिने भरायचे आणि त्याला वाढ मिळायची. २ जानेवारीला लागलेल्याचा एक दिवस कमी पडायचा आणि तो थेट पुढच्या वर्षीच्या जुलैवर जायचा, म्हणजे जवळजवळ अठरा महिने. १ जानेवारीला रविवार आला तर काय करायचं याचाही वेगळा खुलासा काढावा लागला होता. वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी रुजू झालेल्याचे सहा महिने भरले असं धरा, असा. सातव्या आयोगानंतर २०१६ मध्ये हे सुधारलं. आता तारखा दोन, १ जानेवारी आणि १ जुलै. २ जानेवारी ते १ जुलै या काळात लागलेल्याला पुढच्या १ जानेवारीला वाढ, २ जुलै ते १ जानेवारी या काळात लागलेल्याला १ जुलैला. थांबणं कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त बारा. रेषा अजून आहेच. १ जुलैला लागलेल्याला सहा महिन्यांत वाढ मिळते आणि २ जुलैवाल्याला वर्षाने. पण फरक असा की रेषेच्या चुकीच्या बाजूला पडलेल्यालाही वर्षापेक्षा जास्त थांबावं लागत नाही. कुणाला फुकटचे सहा महिने मिळतात, कुणाचे जात मात्र नाहीत.

खासगी कारखान्याने सरकारची नक्कल करावी असं माझं म्हणणं नाही. फुकटचे महिने वाटायला त्याच्याकडे तिजोरी नसते. प्रो-राटाने त्याचं काम भागतं आणि तेही वर्षातून एकाच तारखेला. माझं म्हणणं कट-ऑफबद्दल आहे. एचआरवाले त्याची जी कारणं देतात ती मी वर्षानुवर्षं ऐकली आहेत. चार महिन्यांत माणसाचं काम कसं जोखणार, असं म्हणतात. नका जोखू, एप्रिलमध्ये देऊ नका, पण मग पुढच्या एप्रिलला सोळा महिन्यांचं द्या. जोखणं पुढे ढकलता येतं, म्हणून महिने बुडवायला नको. दुसरं कारण, बजेट वर्षाच्या सुरुवातीच्या माणसांवर ठरतं. खरं आहे. पण रूममेटचं नाव पुढच्या वर्षीच्या बजेटात होतंच, फक्त बारा महिन्यांचं होतं.

सोळा महिन्यांचं दिलं असतं तर काय झालं असतं? नवाचे सोळा बारांश म्हणजे बारा टक्के. रूममेट एप्रिल २०२५ ला ५४,५०० ऐवजी ५६,००० वर गेला असता, भाच्याच्या १३५ रुपये मागे. मधल्या वर्षाचे अठरा हजार तरी गेलेच असते, पण पुढची गळती जवळजवळ थांबली असती. आणि हे करताना एक काळजी घ्यावी लागते. दर वर्षीचा दर सारखा नसतो. २०२५ ची वाढ नऊऐवजी सहा टक्के असती तर सोळा महिन्यांचे आठ टक्के होतात, पण ते पहिले चार महिने नऊ टक्क्यांच्या वर्षातले होते. त्यांचे तीन टक्के बाजूला जमा ठेवून त्यात नवे सहा मिळवले तर नऊ होतात. पन्नास हजारावर हा फरक महिना पाचशेचा. वाईट वर्ष आलं की आदल्या चांगल्या वर्षाचे महिनेही स्वस्तात निघतात.

यावर भाच्याने एक प्रश्न विचारला, आणि तो मला त्याच्या रागापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. "मामा, वाढ मागच्या कामाची असते की पुढच्या?" त्याच्या विभागातल्या एका बाईंनी २० मार्चला राजीनामा दिला होता. पूर्ण वर्ष काम केलेलं, नोटीस पिरियड जूनपर्यंत. त्यांना एप्रिलची वाढ मिळाली नाही. कारण सांगितलं, वाढ म्हणजे पुढच्या वर्षासाठी कंपनीने केलेली गुंतवणूक, जाणाऱ्यावर कशाला? आणि भाच्याला सांगितलं होतं, वाढ म्हणजे गेल्या वर्षीच्या कामाचं फळ, तू चारच महिने केलंस.

दोन्ही उत्तरं एकट्याने ऐकली तर पटतात. एकत्र ठेवली की कळतं, येणाऱ्याला मागचा हिशेब आणि जाणाऱ्याला पुढचा, असं चाललंय. माझ्या मते प्रो-राटा वापरणाऱ्या कंपनीने आपलं उत्तर देऊन टाकलेलं असतं. महिने मोजून वाढ देता म्हणजे वाढ झालेल्या महिन्यांचीच आहे. मग मार्चमध्ये राजीनामा दिलेल्या बाईंचे बारा महिने कुठे गेले?

सरकारी नोकरीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याचं वर्ष त्याच दिवशी भरतं, पण वाढ १ जुलैची, आणि १ जुलैला तो नोकरीत नसतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अय्यमपेरुमल यांच्या प्रकरणात अशा निवृत्ताच्या बाजूने निकाल दिला. पुढे कर्नाटकच्या वीजपारेषण महामंडळाचं सी. पी. मुंडिनमनी यांच्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयात आलं आणि ११ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने ते फेटाळलं. वाढ ही वर्षभर चांगली सेवा केल्याबद्दल असते, ती सेवा झालेली आहे, देय तारीख दुसऱ्या दिवशी आली म्हणून ती नाकारणं मनमानी आहे, असा त्याचा आशय. नंतर केंद्र सरकारनेही ३० जून आणि ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्यांना पेन्शनच्या हिशेबापुरती ती वाढ धरायचं मान्य केलं. हा निकाल भाच्याच्या कारखान्याला लागू होत नाही. तिथे वाढ मिळण्याचा हक्क नियुक्तिपत्रात आणि कंपनीच्या धोरणात जेवढा लिहिला तेवढाच. पण न्यायालयाने दिलेलं उत्तर त्या बाईंच्या प्रश्नाचंही आहे.

फरीदाबादमध्ये मी आणखी एक वाढ दर सहा महिन्यांनी पत्रकात भरतो, ती मात्र कुणाची रुजू तारीख विचारत नाही. हरियाणाचं किमान वेतन महागाई निर्देशांकाशी बांधलेलं आहे आणि १ जानेवारी व १ जुलैला बदलतं. ३१ डिसेंबरला लागलेल्या हेल्परलाही दुसऱ्या दिवशी नवा दर, पूर्ण. भाच्याला हे ऐकून पुन्हा चेव आला. पण तो दर कामाचा आहे, माणसाच्या वर्षाचा नव्हे. १ जानेवारीला नव्याने येणाऱ्यालाही तोच मिळतो. तिथे मोजायला महिनेच नसतात. नऊ टक्क्यांच्या वाढीत आणि त्यात दूरचाही संबंध नाही.

ज्याला अजून रुजू व्हायचंय त्याने काय करावं, तर पगाराचा आकडा ठरवताना त्याच बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. कट-ऑफ कोणता, त्याच्या आत आलो तर महिन्यांप्रमाणे मिळेल का, आणि बाहेर राहिलो तर पुढच्या वर्षी बाराच महिने धरणार की सगळे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी समोरचा थोडा वेळ गप्प बसतो. उत्तर 'बाराच' असेल तर बुडणारे महिने मोजून तेवढे पैसे सुरुवातीच्या पगारातच मागावेत. रूममेटच्या बाबतीत ते चार महिन्यांचे तीन टक्के, म्हणजे पन्नासऐवजी साडेएक्कावन्न हजार. आणि नोटीस पिरियड संपून मधे दहा-पंधरा दिवस गावी जायचा बेत असेल, तर आधी कट-ऑफची तारीख पाहून मग तिकीट काढावं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर यांत एका दिवसाचं अंतर आहे आणि कट-ऑफवाल्या कंपनीत सहा महिन्यांच्या वाढीचं.

रूममेटने त्याच्या एचआरला मेल केला. मजकूर मीच सांगितला, चार ओळींचा, शेवटी फक्त प्रश्न: माझे डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ हे महिने कोणत्या वर्षाच्या वाढीत मोजले गेले? आठवड्याने उत्तर आलं, "पॉलिसी के अनुसार."

त्याच रात्री मी लॅपटॉप उघडला. ज्या कारखान्याचं पत्रक मी सहा वर्षं करतोय त्यातही तोच MIN होता, माझ्याच हाताने घातलेला. वाढीची पत्रं जायला दोन दिवस होते. ज्यांना आदल्या वर्षी कट-ऑफने बाहेर ठेवलं होतं त्यांच्यापुरता मी तो काढला आणि पत्रक मालकाला पाठवलं. सकाळी नऊला त्यांचा फोन. "भाईसाहब, ये सात लोगों का ज़्यादा कैसे आ गया?" मी म्हटलं, ज़्यादा नहीं है, पिछले साल का है. पलीकडे ते कुणाला तरी गेल्या वर्षीची फाइल काढायला सांगत होते.